मांजरांसाठी कमिटीला अर्ज लिहिताना

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या कमिटीला मी मांजरांबद्दल दोन पत्रं लिहिली. पहिलं जूनमध्ये, दुसरं सप्टेंबरमध्ये. पहिल्या पत्राला आठवड्याभरात लेखी नकार आला. दुसऱ्यावर त्याच कमिटीने, त्याच सभासदांनी, एका बैठकीत ठराव केला. मधल्या तीन महिन्यांत कमिटीचं मन बदललं नव्हतं, पत्र बदललं होतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मांजरं उपाशी असतात, पावसात भिजतात, मुक्या जिवांवर दया करावी, म्हणून मला त्यांना खायला घालायची परवानगी द्यावी. हे सगळं मला आजही मनापासून वाटतं. पण सेक्रेटरी काकांनी जिन्यात थांबवून विचारलं, "ताई, आत्ताच चौदा-पंधरा झालीत. तुम्ही खायला घातलंत की तीस होतील. मग काय करायचं?" मला उत्तर देता आलं नाही, कारण त्यांची शंका बरोबर होती. पोटभर खाणारी मांजर लवकर माजावर येते, तिची जास्त पिल्लं जगतात. निर्बीजीकरण न करता नुसतं खायला घातलं, तर संख्या वाढते आणि वर्षाअखेरीस त्याच मांजरांचे हाल जास्त होतात.

याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. खायला न घालता निर्बीजीकरण करू पाहणाऱ्याच्या हाती मांजर लागत नाही. रस्त्यावरची मांजर हाक मारल्यावर येत नाही. ती पिंजऱ्यात शिरते ती भुकेपोटी. ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला भुकेली असायची, तर आधी दोन-तीन आठवडे रोज त्याच वेळी, त्याच जागी तिला खाणं मिळायला हवं. अन्न आणि शस्त्रक्रिया या दोन वेगळ्या मागण्या नव्हेतच. एकाच कामाचे ते दोन टप्पे आहेत. दुसऱ्या पत्रात मी हे विषयाच्या ओळीतच लिहिलं.

आधी मोजणी

लिहायला बसण्यापूर्वी सात दिवस मी मोजणी केली. सकाळी साडेसहा आणि रात्री साडेनऊ, या दोन वेळांना तिन्ही इमारतींभोवती फेरी मारायची आणि दिसेल त्या मांजराचा दोन्ही बाजूंनी फोटो काढायचा. पट्टे, शेपटीचं टोक, पंजावरचे डाग यांवरून मांजर ओळखता येते. पहिल्या दिवशी आठ दिसली, चौथ्या दिवसापर्यंत आकडा चौदावर गेला आणि तिथेच थांबला. सलग तीन दिवस नवा चेहरा दिसला नाही, तेव्हा मोजणी पुरी झाली असं मी धरलं.

नर-मादी दुरून ओळखण्याच्या काही खुणा आहेत. काळा, पांढरा आणि केशरी अशा तीन रंगांची मांजर जवळजवळ नेहमी मादी असते, कारण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि काळा व केशरी दोन्ही दिसायला दोन एक्स लागतात. निखळ केशरी मांजरांत बोक्यांचं प्रमाण जास्त. वाढलेल्या बोक्याचे गाल फुगीर, डोकं रुंद. पोटाखालची स्तनाग्रं ठळक आणि त्यांभोवतीचे केस चाटून गेलेले असतील, तर कुठेतरी आडोशाला तिची पिल्लं आहेत असं समजायचं. आमच्या चौदात सहा मांजरी, पाच बोके आणि एका मांजरीची साधारण दोन महिन्यांची तीन पिल्लं होती.

हा हिशेब कमिटीसमोर ठेवणं फार उपयोगाचं ठरलं. मांजरीचा गाभणकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. चार-पाच महिन्यांची मांजर माजावर येऊ शकते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. सहा मांजरी, वर्षाला दोन वेतं, प्रत्येक वेताला तीन पिल्लं एवढं कमी धरलं तरी वर्षाला ३६ पिल्लं होतात. त्यातली बरीच गाड्यांखाली, आजाराने, पावसात मरतात. म्हणजे काहीच न करण्याचा निर्णय घेतला, तरी आवारात मेलेली पिल्लं उचलण्याचं काम वॉचमनला करावंच लागतं. आमच्या वॉचमनने ते त्या वर्षी चार वेळा केलं होतं. दुसऱ्या पत्रात मी दयेबद्दल एक शब्द लिहिला नाही, हा आकडा लिहिला.

परवानगी नेमकी कशासाठी?

मांजरांना खायला घालायला परवानगी लागतेच का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. कायदा मांजरांच्या बाजूने पुष्कळ बोलतो. राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला मारणं, छळणं हा गुन्हा आहे. प्राण्याला ठार करणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खालीही गुन्हा ठरतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा भर मुख्यतः कुत्र्यांवर असला, तरी त्यांतला २० वा नियम परिसरातल्या प्राण्यांना खायला घालण्याबद्दल आहे. सोसायटीने अन्नाची जागा ठरवून द्यावी, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, मुलं आणि वृद्ध कमीत कमी वावरतात अशी वेळ असावी आणि घाण होऊ नये, असं तो सांगतो. मांजरांसाठी जागा निवडतानाही याहून चांगला नमुना सापडणार नाही.

पण मी परवानगी मागितली ती कायद्यात कुठे अडेल म्हणून नव्हे. कमिटीच्या मदतीशिवाय हे काम होत नाही म्हणून मागितली. पिंजरा लावायच्या आदल्या रात्री मांजराच्या पोटात अन्न असता कामा नये. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि मांजर टेबलावरच मरू शकते. मी एकटीने खाणं बंद ठेवून काय उपयोग? दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रात्री दहाला दूध-पोळी खाली ठेवत होत्या, 'सी' विंगमधला मुलगा उरलेलं चिकन टाकत होता. सगळ्यांनी एका रात्री हात आवरायचा, तर सूचनाफलकावर कमिटीचा शिक्का असलेली सूचना लागते. पकडलेली मांजरं गाडी येईपर्यंत ठेवायला बंद, शांत खोली लागते. रात्रपाळीच्या वॉचमनला पिंजऱ्याबद्दल आधी माहिती असावी लागते, नाहीतर तो दयेने किंवा भीतीने दार उघडतो. कमिटीकडून हव्या होत्या त्या या तीन गोष्टी.

दुसरं पत्र

ते पत्र इथे जसंच्या तसं देते. नावं आणि तारखा तेवढ्या वगळल्या आहेत.

प्रति,
मा. सचिव, व्यवस्थापक समिती

विषय : संस्थेच्या आवारातील १४ मांजरांचे निर्बीजीकरण व त्यासाठी ठरावीक जागी आणि वेळी अन्न देण्यास सहा महिन्यांची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

संस्थेच्या आवारात सध्या १४ मांजरे आहेत : ६ माद्या, ५ बोके, ३ पिल्ले. छायाचित्रांसह यादी सोबत जोडली आहे. मांजरांची संख्या, रात्रीचे ओरडणे, लघवीचा वास व गाड्यांवर बसणे याबाबत सभासदांच्या तक्रारी आहेत, याची आम्हांस जाणीव आहे.

सर्व ११ प्रौढ मांजरांचे निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण दोन महिन्यांत नोंदणीकृत पशुवैद्यकांकडून करून घेण्याची जबाबदारी आम्ही खाली सही करणारे १२ सभासद घेत आहोत. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक मांजराच्या डाव्या कानाचे टोक खुणेसाठी कापले जाईल व मांजर मूळ जागी परत सोडले जाईल. पिल्लांना घरे शोधली जातील.

अन्न दोनच जागी दिले जाईल : 'ए' इमारतीमागे पंपघराशेजारी व 'सी' विंगच्या मागील भिंतीलगत. वेळ सकाळी ६.३० व रात्री ९.३०. अर्ध्या तासात भांडी उचलून जागा धुतली जाईल. इतरत्र कोणीही अन्न ठेवू नये, अशी आमचीही विनंती आहे.

समितीकडून पुढील सहकार्य अपेक्षित आहे : (१) वरील दोन जागांना मान्यता, (२) पकडण्याच्या आदल्या दिवशी सूचनाफलकावर सूचना, (३) जुनी मीटरची खोली त्या दिवसांपुरती वापरण्यास परवानगी, (४) सुरक्षारक्षकांना माहिती.

संस्थेच्या निधीतून कोणताही खर्च मागितलेला नाही. दर महिन्याच्या बैठकीपूर्वी लेखी अहवाल दिला जाईल. सहा महिन्यांनी समितीने आढावा घेऊन परवानगी पुढे चालू ठेवावी किंवा थांबवावी.

आपले नम्र,
(१२ सभासदांच्या सह्या व सदनिका क्रमांक)

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एकीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारखेसह पोहोच घेतली. पुढच्या बैठकीत विषय आला तेव्हा आमच्यातले दोघं हजर राहिले. सर्वांत जास्त विरोध करणाऱ्या सभासदांना पटलं ते शेवटचं वाक्य. सहा महिन्यांनी थांबवण्याचा अधिकार आपल्याच हातात राहतो आहे, हे दिसलं की हो म्हणणं सोपं जातं. ठरावाला सूचक आणि अनुमोदक मिळाले, आणि इतिवृत्तात ठराव जसा लिहिला गेला त्याची नक्कल आम्ही मागून घेतली. पुढे कमिटी बदलली, तेव्हा तो कागद कामाला आला.

बैठकीत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला, उचलून लांब कुठेतरी का सोडत नाही? अनोळखी जागी सोडलेलं मांजर बहुतेक वेळा उपासमारीने किंवा तिथल्या मांजरांशी भांडून मरतं. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत, जिथे कचरा आणि आडोसा तोच आहे, काही महिन्यांत शेजारची, निर्बीजीकरण न झालेली मांजरं येतात. उपासमार होईल अशा रीतीने प्राण्याला सोडून देणं हाही १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

दुसरा प्रश्न गरोदर बायकांचा. मांजरांमुळे टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरतो, हे खरं आहे. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडेच तो विष्ठेतून बाहेर पडतो, आणि बाहेर पडल्यावर संसर्ग करण्यायोग्य व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून गरोदर बाईने बागेच्या मातीत उघड्या हाताने काम करू नये, भाज्या नीट धुवाव्यात आणि मांस पुरतं शिजवून खावं. मांजर जवळून गेल्याने हा आजार होत नाही.

तिसरा प्रश्न चावण्याचा. मांजर चावलं किंवा बोचकारलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. लस दिलेल्या मांजरानं बोचकारलं तरीही हेच करायचं. हे वाक्य आम्ही सूचनाफलकावरही लावलं.

पिंजरा, कान आणि एक हुकलेली मांजर

पहिले तीन आठवडे आम्ही फक्त खायला घातलं. एका प्रौढ मांजराला दिवसाला सुमारे ६० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. अकरांसाठी ६६० ग्रॅम, पिल्लांसह साधारण पाऊण किलो. दूध पूर्ण बंद केलं. वाढलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. दारासमोर घाण होते ही तक्रार आमच्याकडे होती, आणि तिचं एक कारण आजींच्या वाटीतलं दूध होतं. आजींना हे सांगायला आम्ही दोघी गेलो. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही गं." दुसऱ्या दिवसापासून त्या पंपघराशेजारची पाण्याची भांडी भरू लागल्या.

पकडण्याच्या आदल्या रात्रीचं खाणं बंद ठेवलं, पाणी ठेवलं. पहाटे सहाला प्राणी संस्थेकडून आणलेले पिंजरे लावले. त्यांत पायाखालच्या पट्टीवर मांजराचा भार पडला की दार बंद होतं. आमिष म्हणून चमचाभर सुकट. दार पडताच पिंजऱ्यावर जाड चादर टाकायची, म्हणजे आत अंधार होऊन मांजर शांत होतं. झाकायला उशीर केला तर ते जाळीवर धडका मारून नाक फोडून घेतं. एका पिंजऱ्यात एकच मांजर. पहिल्या रविवारी पाच मिळाली, दुसऱ्या रविवारी चार.

मांजरींना आधी घ्यायचं, हे आम्ही ठरवलं होतं. एक बोका राहून गेला तरी फारसं बिघडत नाही, एक मांजर राहून गेली तर दोन महिन्यांत पिल्लं दिसतात. बोक्यांचं खच्चीकरण मात्र लघवीच्या वासासाठी आणि मारामाऱ्यांसाठी गरजेचं असतं. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. अंगातले संप्रेरक उतरायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात "काही उपयोग झाला नाही" असं लोक म्हणू लागतात. हे आम्ही पहिल्या मासिक अहवालातच लिहून ठेवलं. दीड महिन्याने रात्रीचं ओरडणं थांबलं, तेव्हा तो अहवाल काढून दाखवता आला.

संस्थेने मांजरींना चार दिवस आणि बोक्यांना दोन दिवस ठेवून घेतलं. कानाचं टोक भूल दिलेली असतानाच कापतात. प्रौढ मांजरात साधारण एक सेंटिमीटर, सरळ रेषेत. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. ही खूण नसेल तर दोन वर्षांनी दुसरं कुणीतरी त्याच मांजरीला पकडून तिचं पोट पुन्हा उघडतं. परत आणल्यावर पुढचे दहा दिवस आम्ही खाण्याच्या वेळी टाक्यांवर नजर ठेवली. टाक्यांपाशी सूज वाढणं, पू किंवा रक्त येणं, एक दिवसाहून जास्त काही न खाणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आमच्या एका बोक्याला गळू झालं होतं. तो खायला आला नाही, म्हणूनच ते कळलं. ठरलेल्या वेळी खायला घालण्याचा हाही एक फायदा.

पिल्लांची आई आम्ही आठवड्याने, पिल्लं स्वतः खाऊ लागल्यावर घेतली. राहिली एक करडी मांजर. तिने दुसऱ्या मांजरांवर दार पडताना पाहिलं होतं. पुढचे तीन रविवार ती पिंजऱ्यापासून चार हातांवर बसून राहिली. शेवटी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वरून पडणारा मोठा पिंजरा आणला. एक बाजू काठीवर टेकवलेली, काठीला दोरी, दोरीचं टोक वीस फुटांवर माझ्या हातात. त्याखाली तिला आठवडाभर रोज खायला घातलं. आठव्या दिवशी दोरी ओढली. डॉक्टरांनी सांगितलं, ती नुकतीच गाभण होती. आणखी महिना गेला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं.

वर्षानंतरचा हिशेब

वर्षाने आवारात बारा मांजरं होती. तिन्ही पिल्लं घरांत गेली. घेणाऱ्यांकडून पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया करून घेण्याचं लेखी मान्य करून घेतलं होतं, आणि आठवणीने फोन केल्यावर तिघांनीही ती केली. एक मांजर फाटकाबाहेर गाडीखाली गेली. दोन नवे बोके बाहेरून आले. त्यांचे कान अखंड होते, म्हणून पहिल्याच आठवड्यात ते डोळ्यांत भरले आणि त्यांचीही शस्त्रक्रिया झाली. आवारात नवं पिल्लू एकही नाही.

खर्च असा झाला : संस्थेच्या सवलतीच्या दराने पहिल्या अकरा शस्त्रक्रियांचे १६,५०० रुपये आणि खाद्याचे महिन्याला सुमारे चार हजार. बारा घरांत वाटल्यावर तो जड गेला नाही. काही महापालिका मांजरांचं निर्बीजीकरण संस्थांमार्फत करून देतात, म्हणून पत्र लिहिण्याआधी आपल्या महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात चौकशी करावी.

काही गोष्टी सुटल्या नाहीत, आणि त्याही मी अहवालात लिहिल्या. मांजरं अजून गाड्यांच्या टपावर झोपतात. खोडात चोच मारणारा सुतारपक्षी एका बोक्याने मारला, त्याचं मला फार वाईट वाटलं. पोटभर खाणारं मांजरही शिकार करतं. विष्ठेसाठी मागच्या भिंतीलगत वाळूचा वाफा केला, तो बहुतेक मांजरं वापरतात, सगळी नाही.

सहा महिन्यांच्या आढाव्याला सेक्रेटरी काकांनी फाईल उघडली. त्यात यादी होती, फोटो होते, सहा अहवाल होते. त्यांनी पानं उलटत शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, "नवी पिल्लं : शून्य." मग पेन काढून मुदतवाढीवर सही केली आणि मला विचारलं, "ती करडी कशी आहे?"